हातउसन्या रकमेच्या दाव्यात लेखी कैफियत कशी लिहावी: काय कबूल करावे, काय नाकारावे आणि नव्याने काय मांडावे

दिवाणी दाव्याचे समन्स हाती पडले की बहुतेक प्रतिवादी वकिलाला पहिले वाक्य सांगतात ते असे: "साहेब, सगळे खोटे आहे, सगळे नाकारून टाका." आपल्याकडील कितीतरी कैफियतींची सुरुवातही तशीच होते, "दाव्यातील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा व बनावट असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." हे वाक्य ऐकायला ठणठणीत वाटत असले तरी दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 8 पुढे त्याला फारशी किंमत नाही. वादीने मांडलेली प्रत्येक वस्तुस्थिती प्रतिवादीने एकेक करून हाताळली पाहिजे, अशी त्या आदेशाची अपेक्षा आहे. जी हाताळली नाही ती कबूल धरली जाऊ शकते.

हा लेख एकाच प्रकारच्या दाव्यापुरता आहे. नातेसंबंधातून किंवा ओळखीतून दिलेल्या हातउसन्या रकमेच्या वसुलीचा हा दावा असून त्यात काही रक्कम खरोखर घेतलेली आहे, काही घेतलेली नाही आणि काही परत केलेली आहे. अशाच दाव्यांत कैफियत सर्वांत जास्त बिघडते, कारण खरे आणि खोटे एकाच वाक्यात गुंफलेले असते.

एक उदाहरण समोर ठेवू

समजा, महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या वादीने 8 ऑगस्ट 2025 रोजी दावा दाखल केला. दावापत्रातील कथन असे आहे. दुसऱ्या परिच्छेदात म्हटले आहे की, 14 जून 2022 रोजी वादीने प्रतिवादीस व्यवसायासाठी 6,00,000 रुपये हातउसने दिले, त्यांपैकी 4,00,000 रुपये बँकेतून एनईएफटीने आणि 2,00,000 रुपये वादीच्या राहत्या घरी रोखीने. तिसऱ्यात द.सा.द.शे. 18 दराने व्याज तोंडी ठरल्याचे कथन आहे. चौथ्यात रक्कम एक वर्षात परत करण्याचे ठरल्याचे म्हटले आहे. पाचव्यात प्रतिवादीने 5 डिसेंबर 2022 रोजी चेकने 50,000 रुपये दिले व ते व्याजात जमा केले, असे कथन आहे. सहाव्यात 10 जानेवारी 2025 रोजी वकिलामार्फत नोटीस दिली, ती प्रतिवादीस मिळाली, पण त्याने उत्तर दिले नाही, असे म्हटले आहे. सातव्या व आठव्यात दाव्याचे कारण, अधिकारक्षेत्र व कोर्ट फी यांबद्दलचा मजकूर असून शेवटी 8,74,000 रुपयांची मागणी आहे. हा आकडा सहा लाख मुद्दल, त्यावरील तीन वर्षांचे व्याज 3,24,000 रुपये आणि त्यातून वजा केलेले 50,000 रुपये असा जुळवलेला आहे.

प्रतिवादीचे म्हणणे मात्र वेगळे आहे. चार लाख खात्यावर आले हे खरे, पण रोख एक रुपयाही घेतला नाही. व्याज ठरले नव्हते, मुदतही ठरली नव्हती. 50,000 रुपयांचा चेक दिला हे खरे, आणि त्याशिवाय 12 ऑगस्ट 2023 रोजी 1,00,000 रुपयांचा दुसरा चेक दिला, जो वटला, पण दावापत्रात त्याचा उल्लेखच नाही. नोटीस मिळाली होती आणि 25 जानेवारी 2025 रोजी रजिस्टर पोस्टाने तिला उत्तरही दिले होते. म्हणजे त्याच्या हिशेबाने देणे 2,50,000 रुपये उरते.

लेखणी उचलण्याआधी

पहिले काम समन्स नीट वाचण्याचे आहे. ते आदेश 37 खालील संक्षिप्त दाव्याचे असेल तर लगेच कैफियत देता येत नाही. तेथे दहा दिवसांत हजर होऊन पुढे दावा लढविण्याची परवानगी मागावी लागते, आणि हे न कळल्यामुळे कैफियत लिहीत बसलेल्या प्रतिवादीविरुद्ध थेट हुकूमनामा होऊ शकतो. आपल्या उदाहरणातील व्यवहार तोंडी आहे, त्यामुळे दावा नेहमीच्या स्वरूपाचा आहे असे धरू.

दुसरे काम मुदत मोजण्याचे. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यावी, आणि न्यायालयाने कारणे नोंदवून मुदत वाढवली तरी ती बजावणीपासून 90 दिवसांपलीकडे जाऊ नये, असे आदेश 8 नियम 1 सांगतो. समजा समन्स 2 सप्टेंबर 2025 रोजी मिळाले. तो दिवस सोडून मोजले तर तिसावा दिवस 2 ऑक्टोबरला येतो, जो सुट्टीचा आहे, म्हणून कैफियत 3 ऑक्टोबरला दिली तरी ती मुदतीत ठरते. नव्वदावा दिवस 1 डिसेंबरला येतो. साध्या दिवाणी दाव्यात ही 90 दिवसांची मर्यादा निर्देशात्मक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात ठरवले आहे. तरीही उशिराची कैफियत घेणे हा अपवाद असतो, त्यासाठी ठोस कारण लागते आणि बहुधा खर्चही भरावा लागतो. एकदा कैफियतीविना दावा चालविण्याचा आदेश झाला की तो रद्द करून घेण्यात दोन-तीन तारखा जातात. वाणिज्यिक दाव्यात तर 120 दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो, तेथे सवलत नाही.

तिसरे काम कागद मिळवण्याचे. दावापत्रासोबतच्या दस्तऐवजांच्या प्रती मिळाल्या आहेत का ते पाहावे, आणि मिळाल्या नसतील तर त्या मागणारा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. पक्षकाराकडून 2022 पासूनचा बँक खात्याचा उतारा, चेकबुकाच्या स्थळप्रती, नोटीस, तिच्या उत्तराची कार्यालयीन प्रत, पोस्टाची पावती आणि पोचपावती मागून घ्यावी. पक्षकाराच्या आठवणीवर कैफियत लिहू नये. तो "एक लाख परत दिले" म्हणतो तेव्हा खात्याच्या उताऱ्यात ती नोंद कोणत्या तारखेची आहे, चेक क्रमांक काय आहे आणि रक्कम वादीच्याच खात्यात गेली का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या पाहण्यातल्या एका प्रकरणात पक्षकाराने सांगितलेला चेक वादीच्या नव्हे तर त्याच्या भावाच्या नावाने निघाला होता, आणि हे कैफियत दाखल झाल्यानंतर उलटतपासात बाहेर आले.

दावापत्राची फोड

आता एक कागद घेऊन दावापत्राचा प्रत्येक परिच्छेद वाक्यावाक्याने फोडावा. एका परिच्छेदात एकच वस्तुस्थिती क्वचितच असते. वरचा दुसरा परिच्छेद घेतला तर त्यात किमान पाच गोष्टी आहेत: तारीख, व्यवहार हातउसना होता हे, चार लाख बँकेतून आले हे, दोन लाख रोख दिले हे, आणि ती रोख वादीच्या घरी दिली हे. प्रत्येकीसमोर पक्षकाराचे उत्तर लिहावे. ते कबूल आहे, नाकबूल आहे, की त्याला त्याबद्दल माहितीच नाही, याशिवाय चौथे उत्तर नसते.

"माहिती नाही" या उत्तराबद्दल सावध राहावे. "या मजकुराबाबत प्रतिवादीस माहिती नाही" असे लिहून थांबले की ते नाकारणे होत नाही. प्रतिवादीस माहिती नसणे म्हणजे त्या वस्तुस्थितीचा इन्कार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जहुरी साह विरुद्ध द्वारिका प्रसाद या प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून अशा ठिकाणी "त्याबाबत प्रतिवादीस माहिती नाही, सबब तो मजकूर प्रतिवादीस कबूल नाही व वादीने तो शाबीत करावा" असे पूर्ण वाक्य लिहावे. आणि जी गोष्ट प्रतिवादीच्या स्वतःच्या माहितीत असलीच पाहिजे, जसे की आपण रोख घेतली की नाही, तेथे "माहिती नाही" म्हणणे हे न्यायाधीशाला टाळाटाळच वाटते.

आकडा नाकारायची पद्धत

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून याला थोडा वेळ देऊ. दावापत्र म्हणते, सहा लाख दिले. घाईत लिहिलेली कैफियत म्हणते, "प्रतिवादीने वादीकडून 6,00,000 रुपये घेतले हे म्हणणे खोटे असून ते प्रतिवादीस नाकबूल आहे." वाचायला हे नकारासारखे वाटते, पण त्याचा सरळ अर्थ इतकाच होतो की नेमके सहा लाख घेतले नाहीत. मग किती घेतले? पाच लाख नव्वद हजार? कैफियत त्यावर गप्प आहे. आदेश 8 नियम 4 नेमके हेच उदाहरण देतो: अमुक रक्कम मिळाली असे वादीचे कथन असेल तर ती विशिष्ट रक्कम मिळाली नाही एवढेच म्हणणे पुरेसे नाही, तर ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही असे म्हणावे, किंवा किती मिळाली ते सांगावे.

याच नियमात दुसरा सापळा आहे तो परिस्थितीच्या तपशिलाचा. "दि. 14 जून 2022 रोजी वादीच्या घरी प्रतिवादीने 2,00,000 रुपये रोख घेतले नाहीत" हे वाक्य पाहा. यात त्या दिवशी त्या घरी घेतले नाहीत, एवढेच नाकारले जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुकानात घेतले असतील ही शक्यता उघडी राहते. उलटतपासात वादीचा वकील नेमका याच फटीत बोट घालतो. म्हणून वस्तुस्थिती आणि तिच्याभोवतीचा तपशील वेगवेगळा नाकारावा. आपल्या उदाहरणातील दुसऱ्या परिच्छेदाचे उत्तर मी असे लिहीन:

"दावापत्राचे परिच्छेद 2 मधील मजकुरापैकी वादीने दि. 14.06.2022 रोजी एनईएफटीद्वारे प्रतिवादीचे बँक खात्यात 4,00,000 रुपये हातउसने म्हणून जमा केले, एवढाच मजकूर प्रतिवादीस कबूल आहे. वादीने प्रतिवादीस 2,00,000 रुपये किंवा त्यातील कोणताही भाग रोखीने दिला, हे म्हणणे खोटे असून नाकबूल आहे. प्रतिवादीने वादीकडून दि. 14.06.2022 रोजी किंवा अन्य कोणत्याही दिवशी, वादीच्या घरी किंवा अन्यत्र कोठेही, कोणतीही रोख रक्कम स्वीकारलेली नाही. एकूण व्यवहार 6,00,000 रुपयांचा होता हे म्हणणे खोटे असून नाकबूल आहे."

कबुली किती आहे हे येथे "एवढाच" या शब्दाने बांधले आहे. चार लाखांची कबुली देताना पुष्कळ पक्षकार बिचकतात. पण ती नोंद वादीच्या आणि प्रतिवादीच्या, दोघांच्याही बँक उताऱ्यात आहे, ती नाकारली तर वादी एका कागदाने ती शाबीत करील आणि त्याबरोबर प्रतिवादीच्या दोन लाखांबाबतच्या खऱ्या नकारावरचा विश्वासही घेऊन जाईल. कबुली मात्र तोलून द्यावी, कारण कबूल केलेली गोष्ट शाबीत करावी लागत नाही, आणि आदेश 12 नियम 6 खाली तेवढ्या कबुलीवर साक्षीपुराव्याची वाट न पाहता तेवढ्यापुरता हुकूमनामाही मागता येतो. एकदा दिलेली स्पष्ट कबुली पुढे दुरुस्ती अर्जाने काढून घेणेही जवळपास अशक्य असते.

बाकीचे परिच्छेद

तिसऱ्या परिच्छेदातील व्याजाबाबत "18 टक्के व्याज ठरले नव्हते" असे लिहून थांबू नये, नाहीतर बारा टक्के ठरले होते काय, असा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. "द.सा.द.शे. 18 किंवा अन्य कोणत्याही दराने व्याज देण्याचे तोंडी अथवा लेखी ठरलेले नव्हते, रक्कम बिनव्याजी होती" असे लिहावे. पाचव्या परिच्छेदात चेक कबूल, पण तो व्याजापोटी होता हे नाकबूल आणि तो मुद्दलात वळता होणे योग्य, अशी विभागणी करावी. सहाव्यात नोटीस मिळाल्याचे कबूल करून उत्तर न दिल्याचे नाकारावे आणि उत्तराची तारीख व पोस्टाची पावती तेथेच नमूद करावी. नोटीस मिळाल्याची नोंद पोस्टाकडे असताना ती नाकारण्यात काहीच हशील नाही.

मुदत कायद्याखाली कारणाची तारीख ठरवणारा चौथा परिच्छेद वरवर बिनमहत्त्वाचा वाटतो, पण तो शांतपणे वाचावा. एक वर्षाची मुदत ठरली होती हे कबूल केले तर वादीचे दाव्याचे कारण जून 2023 मध्ये सुरू होते. नाकारले तर मुदत अधिनियम, 1963 च्या अनुसूचीतील अनुच्छेद 19 प्रमाणे कर्ज दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षे मोजली जातात, ती 14 जून 2025 रोजी संपतात आणि 8 ऑगस्टचा दावा मुदतबाह्य दिसतो. येथे पक्षकाराचे डोळे चमकतात. पण लगेच मुदतीचा बचाव घालू नये. त्याच अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे मुदतीच्या आत अंशतः रक्कम दिली आणि त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याने सही केलेल्या लेखात असेल, तर देण्याच्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते, आणि प्रतिवादीने सही केलेला चेक असा लेख ठरू शकतो. डिसेंबर 2022 चा चेक दोघांनाही मान्य आहे, म्हणजे मुदत डिसेंबर 2025 पर्यंत पुढे गेली, आणि ऑगस्ट 2023 चा चेक तर ती 2026 पर्यंत नेतो.

म्हणजे प्रतिवादीचे स्वतःचे खरे म्हणणेच मुदतीच्या बचावाला छेद देते. एक लाखाचा चेक लपवून मुदतीचा मुद्दा लढवावा, असे सुचविणारे लोक भेटतात. ते दोन कारणांनी चूक आहे. डिसेंबरचा चेक दावापत्रातच आहे, त्यामुळे दुसरा चेक लपवूनही बचाव टिकत नाही, आणि ते लपवताना प्रतिवादी सत्यापनावर खोटे लिहितो व त्याच्या फायद्याचे एक लाखही गमावतो. म्हणून मी या कैफियतीत एक वर्षाची मुदत ठरल्याचे नाकारेन, कारण ते खरे आहे, पण मुदतबाह्यतेचा बचाव घेणार नाही. हा बचाव तसाच असता आणि प्रतिवादीने काहीही परत दिलेले नसते, तर मात्र याच चौथ्या परिच्छेदाच्या नकारावर सारा दावा उभा राहिला किंवा पडला असता.

अधिकारक्षेत्राबाबत काही तक्रार असेल, जसे की व्यवहार दुसऱ्या तालुक्यात झाला आणि प्रतिवादीही तेथे राहतो, तर ती याच कैफियतीत घ्यावी. प्रादेशिक अधिकारक्षेत्राची हरकत सर्वप्रथम संधी मिळताच, मुद्दे ठरण्याच्या आधी घेतली नाही तर पुढे ऐकली जात नाही. तक्रार नसेल तर तो परिच्छेद सरळ कबूल करावा.

नव्या वस्तुस्थितीचे कथन

नाकारून झाले की प्रतिवादीने स्वतःची बाजू मांडायची असते. आपल्याकडे तिची सुरुवात "खरी वस्तुस्थिती अशी की" या शब्दांनी होते आणि तिला अधिक कथन म्हणतात. पुष्कळ कैफियती येथे ढेपाळतात, कारण लेखक थकून "उर्वरित मजकूर तोंडी पुराव्याच्या वेळी सांगू" असे म्हणून थांबतो. पण परतफेड, सूट, फसवणूक, बेकायदेशीरपणा, व्यवहार रद्दबातल असणे यांसारख्या ज्या गोष्टींमुळे दावा बाधतो किंवा ज्या न सांगितल्यास समोरच्याला अचानक धक्का बसेल, त्या आदेश 8 नियम 2 प्रमाणे कैफियतीतच मांडाव्या लागतात. मांडल्या नाहीत तर नंतर त्यांचा पुरावा देऊ दिला जात नाही.

आपल्या प्रकरणात अधिक कथनाचा गाभा असा असेल:

"प्रतिवादीने सदर 4,00,000 रुपयांच्या रकमेपोटी दि. 05.12.2022 रोजी 50,000 रुपये व दि. 12.08.2023 रोजी 1,00,000 रुपये वादीच्या नावाच्या चेकने अदा केले असून दोन्ही चेक वादीच्या खात्यात जमा झालेले आहेत. वादीने दुसऱ्या चेकची बाब जाणूनबुजून दावापत्रात नमूद केलेली नाही. प्रतिवादीकडून वादीस देय असलेली रक्कम 2,50,000 रुपये एवढीच आहे."

दोन्ही चेकचे क्रमांक, बँक व शाखा येथे घालाव्यात. मात्र बँक अधिकाऱ्याचे म्हणणे काय, खातेउताऱ्याच्या कोणत्या पानावर नोंद आहे, हे येथे लिहू नये. आदेश 6 नियम 2 प्रमाणे कैफियतीत महत्त्वाच्या वस्तुस्थिती लिहायच्या असतात, त्यांचा पुरावा नव्हे. कायद्याचा निष्कर्षही वस्तुस्थितीच्या जागी घालू नये. "सदरचा व्यवहार बेकायदा आहे" असे म्हणण्यापेक्षा तो बेकायदा कशामुळे होतो, ते लिहावे.

रोख रकमेचे उदाहरण घ्या. 20,000 किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर अधिनियम, 1961 च्या कलम 269एसएस ने मनाई केलेली होती. काही कैफियतींत एवढे कलम लिहून दोन लाखांचा मुद्दा संपवला जातो. ते कलम व्यवहार आपोआप रद्द करत नाही, त्याखाली घेणाऱ्याला दंड होऊ शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. त्याऐवजी चार लाख बँकेतून पाठवणाऱ्या माणसाने उरलेले दोन लाख त्याच दिवशी रोखीने का द्यावेत, त्याने एवढी रोख कोणत्या खात्यातून काढली, पावती का घेतली नाही आणि घरात त्या वेळी कोण हजर होते, यांपैकी काहीही दावापत्रात नाही, ही वस्तुस्थिती लिहावी. तिच्यावरच वादीची उलटतपासणी उभी राहते.

सावकारीचा बचावही असाच सैलपणे लिहिला जातो. परवाना नसलेल्या सावकाराला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 13 प्रमाणे हुकूमनामा मिळत नाही, हे खरे. पण ओळखीच्या माणसाने एकदा हातउसने दिले म्हणून तो सावकार ठरत नाही. "वादी अवैध सावकारी करतो" हे एक ओळीचे कथन उपयोगाचे नाही. त्याने आणखी कोणाकोणाला, कधी, किती व्याजाने पैसे दिले, हे माहीत असेल आणि सांगता येत असेल तरच हा बचाव घ्यावा. आपल्या उदाहरणात तशी माहिती नाही, म्हणून तो मी घालणार नाही. फसवणूक किंवा दबावाचा बचाव असेल तर त्याचा तारीखवार तपशील देणे आदेश 6 नियम 4 ने बंधनकारक केले आहे.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. दाव्याच्या आधी वादीला दिलेले दीड लाख ही परतफेड आहे, ती त्याच्याच हिशेबातून वजा व्हायची असते आणि तिच्यासाठी वेगळी कोर्ट फी लागत नाही. वादीकडून प्रतिवादीला काही वेगळे येणे असेल, समजा त्याने वादीला माल विकला आणि त्याचे पैसे बाकी आहेत, तर ते परतफेड म्हणून सांगता येत नाही. ते वजावट किंवा प्रतिदावा म्हणून मांडावे लागते, त्यावर कोर्ट फी भरावी लागते आणि ते मुद्दे निश्चित होण्याच्या आत दाखल करावे लागते. परस्परांना छेद देणारे बचाव टाळावेत. पर्यायी बचाव घेता येतात, पण "पैसे घेतलेच नाहीत" आणि "घेतलेले परत केले" ही दोन वाक्ये एकाच कैफियतीत आली की वाचणाऱ्याला दोन्ही खोटी वाटतात.

देणे मान्य असलेल्या रकमेचे काय करावे

अडीच लाख देणे आहेत हे कैफियतीत मान्य केले आहे, मग पुढे काय? प्रतिवादीला शक्य असेल तर आदेश 24 खाली ती रक्कम न्यायालयात जमा करावी आणि वादीला तशी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून जमा केलेल्या रकमेवर वादीला पुढचे व्याज मिळत नाही. करारात व्याज नसले तरी वादीने नोटीशीत व्याज मागितले असेल तर न्यायालय त्या तारखेपासून व्याज देऊ शकते, म्हणून ही रक्कम लांबवण्यात प्रतिवादीचाच तोटा असतो. अशा वेळी विनंती परिच्छेदात "दावा संपूर्ण खर्चासह फेटाळावा" एवढेच न लिहिता, 2,50,000 रुपयांपेक्षा अधिक रकमेचा व व्याजाचा दावा फेटाळावा, असे लिहिणे अधिक प्रामाणिक आणि अधिक परिणामकारक ठरते.

शेवटची पाने

सर्व परिच्छेदांची उत्तरे झाल्यावर "जो मजकूर स्पष्टपणे कबूल केलेला नाही तो नाकारला आहे असे समजावे" हे वाक्य लिहिण्याची प्रथा आहे. ते लिहायला हरकत नाही, पण वरचा एखादा परिच्छेद सुटला असेल तर या वाक्याने तो वाचेल अशी खात्री धरू नये.

सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे आहेत आणि कोणते मिळालेल्या माहितीवरून खरे मानले आहेत, हे क्रमांकासह लिहावे. आपल्या उदाहरणात व्यवहार, चेक आणि नोटीस हे प्रतिवादीच्या माहितीतले, तर कायदेशीर बाबींचे परिच्छेद वकिलाच्या सल्ल्यावरून, अशी विभागणी होईल. प्रतिवादीने तारीख व ठिकाण लिहून सही करावी आणि स्वतंत्र प्रतिज्ञापत्र जोडावे. सही घेण्याआधी कैफियत त्याला संपूर्ण वाचून दाखवावी. केवळ शेवटच्या पानावर सही घेतलेल्या कैफियतीतील एखादे वाक्य उलटतपासात "हे मी सांगितलेच नव्हते" म्हणून उभे राहते, आणि तेव्हा त्या पक्षकाराचे नुकसान भरून काढायला फार उशीर झालेला असतो.

कैफियतीसोबत दस्तऐवजांची यादी द्यावी: खात्याचा उतारा, दोन्ही चेकच्या स्थळप्रती, नोटीशीचे उत्तर व पोस्टाची पावती. जे दस्तऐवज ताब्यात आहेत ते आता दिले नाहीत तर पुढे ते वापरण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. वादीच्या वकिलाला प्रत देऊन त्यांची पोच आपल्या प्रतीवर घ्यावी. तात्पुरत्या मनाईचा किंवा मालमत्ता जप्तीचा अर्ज दाव्यासोबत असेल तर त्याला वेगळे म्हणणे द्यावे, कैफियत हेच त्या अर्जाचे उत्तर समजावे अशी पुरसीसही देता येते, पण तसे स्पष्ट लिहून द्यावे लागते.

दाखल झाल्यावर न्यायालय मुद्दे काढते. त्या दिवशी कैफियत हाती ठेवून मुद्दे वाचावेत. वादीने रोख 2,00,000 रुपये दिले का, व्याज ठरले होते का आणि प्रतिवादीने 12 ऑगस्ट 2023 रोजी 1,00,000 रुपये परत केले का, हे तीन मुद्दे त्यात दिसले पाहिजेत. परतफेडीचा मुद्दा राहिला असेल तर आदेश 14 नियम 5 खाली तो वाढवून घेण्याचा अर्ज साक्ष सुरू होण्याच्या आत द्यावा. परतफेड शाबीत करण्याचा भार प्रतिवादीवर असल्याने त्याच्या सरतपासाच्या प्रतिज्ञापत्रात चेक आणि खातेउतारा पहिल्या पानापासून यावेत.